मदत हवी आहे : शेडच्या वेळापत्रकात दिवस, तारखा आणि एकूण कालावधी, तिन्ही वेगळं सांगतात

मकरपुरा_शेड

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत एका लहान शेडचं काम १ डिसेंबर २०२५ ला सुरू व्हायचं आहे. ठेकेदाराने एक्सेलमध्ये वेळापत्रक पाठवलंय. माथ्यावर ठळक अक्षरांत ‘एकूण ६० दिवस’. खाली सहा ओळी आहेत, आणि प्रत्येक काम आधीचं संपल्यावरच सुरू होईल असं शेवटच्या रकान्यात लिहिलंय.

१. खोदकाम, पीसीसी : ८ दिवस, १ डिसेंबर ते ९ डिसेंबर
२. फुटिंग, कॉलम : १२ दिवस, १० डिसेंबर ते २३ डिसेंबर
३. प्लिंथ बीम, भराव : १० दिवस, २४ डिसेंबर ते २ जानेवारी
४. स्टील स्ट्रक्चरची उभारणी : १५ दिवस, ५ जानेवारी ते २० जानेवारी
५. छताचे पत्रे : ६ दिवस, १९ जानेवारी ते २४ जानेवारी
६. ट्रायमिक्स फ्लोअरिंग, क्युरिंगसह : १८ दिवस, २७ जानेवारी ते १३ फेब्रुवारी

दिवसांची बेरीज ६९ येते. पहिल्या तारखेपासून शेवटच्या तारखेपर्यंत मोजलं तर ७५. माथ्यावर ६०. साइटला रविवारी सुट्टी असते. सोमवारी यावर सही करायची आहे. कुठला आकडा खरा धरायचा, आणि तपासायला सुरुवात कुठून करायची?

एक्सेलभाऊ

सोपं आहे. शेवटची तारीख म्हणजे सुरुवात अधिक दिवस, वजा एक. तुमच्या दुसऱ्या ओळीत १० डिसेंबरला ११ मिळवले की २१ डिसेंबर येतो, त्यांनी २३ लिहिलाय. म्हणजे दोन दिवस उगाच घुसडलेत. सगळ्या ओळींना हेच सूत्र लावा, जिथे जुळत नाही तिथे लाल रंग करा आणि परत पाठवा. बेरीज ६० झालीच पाहिजे, नाहीतर सही करू नका.

ओळंबा

एक्सेलभाऊ, ‘वजा एक’ बरोबर आहे, पण ते फक्त सलग दिवस मोजताना. २१ डिसेंबर हा रविवार आहे. १० ते २३ डिसेंबरमध्ये १४ आणि २१ असे दोन रविवार पडतात. ते वगळले की नेमके १२ दिवस उरतात. सहा ओळींत दुसरी ओळ सगळ्यात स्वच्छ आहे आणि तुम्ही तिलाच लाल केलंत.

बेरजेचा हट्टही सोडा. दोन कामं एकमेकांवर चढली की बेरीज कालावधीपेक्षा मोठी होते, मध्ये सुट्ट्या आल्या की लहान. बेरीज जुळली तरी काही सिद्ध होत नाही.

मकरपुरावाले, आधी कोण खरं ते ठरवू नका. प्रत्येक ओळ कशी मोजली गेली ते शोधा. ए मध्ये काम, बी मध्ये दिवस, सी मध्ये सुरुवात, डी मध्ये शेवट असं धरून शेजारी तीन रकाने उघडा. एच रकान्यात सुट्ट्या लिहा : १४ आणि १५ जानेवारी, म्हणजे उत्तरायण आणि वासी उत्तरायण, आणि २६ जानेवारी. त्या दोन दिवसांत बडोद्यात पत्र्यावर चढणारा माणूस भेटला तर पतंग उडवतानाच भेटेल.

```
=D2-C2
=D2-C2+1
=NETWORKDAYS.INTL(C2,D2,11,$H$2:$H$4)
```

पहिलं नुसती वजाबाकी, दुसरं दोन्ही टोकं धरून सलग दिवस, तिसरं कामाचे दिवस. तिसऱ्यातला 11 म्हणजे फक्त रविवार सुट्टी. साधं NETWORKDAYS वापरू नका, ते शनिवारही गाळतं.

तुमच्या ओळींचं उत्तर असं येतं. दुसरी ओळ कामाच्या दिवसांशी जुळते. तिसरी ओळ सलग दिवसांशी : २४ डिसेंबर ते २ जानेवारी सलग १० होतात, पण कामाचे ९च. चौथी ओळ नुसत्या वजाबाकीशी : २० जानेवारीतून ५ जानेवारी वजा केले की १५, पण रविवार आणि उत्तरायण काढले की हातात १२ दिवस राहतात. एकाच कागदावर तीन मापं आहेत, म्हणून काहीच जुळत नाही. चौथी ओळ बहुधा दुसऱ्या कुठल्या तरी फायलीतून चिकटवलेली आहे.

पहिल्या ओळीने मात्र फसू नका. तिथे वजाबाकीही ८ आणि कामाचे दिवसही ८. मध्ये एकच रविवार आहे आणि वजाबाकीत एकच दिवस गळतो, म्हणून योगायोगाने दोन्ही जुळतात. नमुन्याला पहिली ओळ तपासून ‘ठीक आहे’ म्हणणारे इथेच चुकतात. निदान दोन रविवार पोटात असलेली ओळ तपासावी.

राजवाडा_इंदूर

आमच्याकडे एमएस प्रोजेक्टमध्ये हेच होतं. पाच दिवसांचं काम सोमवार ते शुक्रवार दिसायला हवं, ते ६.२५ दिवस दाखवतं. कॅलेंडर १० तासांचं केलेलं आहे. तुमच्या ठेकेदाराचंही तेच असेल, कॅलेंडरचे तास बघा.

ओळंबा

ते दुखणं वेगळं. तुमच्याकडे कॅलेंडर १० तासांचं असलं तरी ऑप्शन्समध्ये ‘Hours per day’ ८ वरच राहिलंय. पाच दिवसांचे ५० तास भागिले ८, झाले ६.२५. तो आकडा १० करा. त्याची खूण म्हणजे दशांश. मकरपुराच्या फायलीत सगळे आकडे पूर्ण आहेत आणि तारखा हाताने टाकलेल्या दिसतात.

ओलं_पोतं

सहाव्या ओळीबद्दल कुणी बोललं नाही. तिथे सलग १८ दिवस धरलेत आणि एका अर्थी ते बरोबर आहे. क्युरिंगला रविवार नसतो, पाणी रोज मारावं लागतं. पण या १८ मध्ये कडियांचं काम किती आणि क्युरिंग किती? ४ आणि १४ असेल तर ओळ फोडून दोन करा. चार दिवस कामाच्या मापाने, चौदा दिवस सलग मापाने. फोडली नाही तर ‘कामाचे दिवस’ हे सूत्र क्युरिंगलाही रविवारची सुट्टी देऊन टाकेल.

दुसरं, पाचव्या ओळीत पत्रे १९ तारखेला सुरू आणि स्टील २० ला संपतंय. शेवटच्या रकान्यात तर आधीचं संपल्यावरच असं लिहिलंय. ही चूकच असेल असं नाही. पहिले दोन-तीन गाळे ओळंब्यात आणून बोल्ट आवळून झाले की तिथे पत्रे चढवता येतात. ठेकेदाराच्या मनात तेच असेल आणि रकान्यात लिहायचं राहिलं असेल.

ओळंबा

पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. दुसऱ्यात मी जरा कडक आहे. मनात असलेलं वेळापत्रकात धरत नाहीत. स्टीलच्या शेवटाआधी दोन दिवस पत्रे सुरू, असं लिहून द्यावं, नाहीतर तारीख पुढे जावी.

मकरपुरा_शेड

रकाने करून पाहिले. ५ जानेवारी आणि २३ डिसेंबर या दोन तारखा चुकून पुसल्या गेल्या, त्या मी पुन्हा टाइप केल्या. फ्लोअरिंग ४ आणि क्युरिंग १४ असंच आहे, फोनवर विचारलं. एक अडचण, चौथ्या ओळीत सूत्र भलताच उणे आकडा देतंय. आणि २३ डिसेंबरची तारीख चौकटीत डावीकडे चिकटलीय, बाकीच्या उजवीकडे.

एक्सेलभाऊ

हे मात्र नक्की सांगतो. तुमच्या कॉम्प्युटरवर तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली जातेय. 05/01/2026 टाइप केलं की तो १ मे समजतो आणि उजवीकडे ठेवतो, तुम्हाला कळतही नाही. २० जानेवारी ठेकेदाराच्या फायलीतून खरी तारीख म्हणूनच आलीय, तिच्यातून १ मे वजा होतो, म्हणून उणे. 23/12/2025 मध्ये तेविसावा महिना सापडत नाही, म्हणून तो नुसता मजकूर राहतो आणि डावीकडे बसतो. डावीकडची तारीख निदान दिसते तरी. उजवीकडे बसलेली, १२ च्या आतला दिवस असलेली प्रत्येक तारीख तपासा. सगळ्यांचं फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करा, महिन्याचं नाव दिसलं की लपवाछपवी संपते. दुरुस्त करताना तारीख 05-Jan-2026 अशी महिन्याच्या नावासह नव्याने टाइप करा, फॉरमॅट बदलून आतली किंमत बदलत नाही.

ओळंबा

आता दिवस खरे धरून तारखा नव्याने काढा. उलटं नको, कारण कामाला किती दिवस लागतात ते ठेकेदाराला ठाऊक असतं, तारखा नंतर बसवलेल्या असतात. शेवटच्या तारखेसाठी :

```
=WORKDAY.INTL(C2-1,B2,11,$H$2:$H$4)
```

सुरुवातीच्या आदल्या दिवसापासून मोजल्याने पहिला दिवसही धरला जातो. क्युरिंगच्या ओळीला मात्र साधं C+B-1.

पहिल्या दोन ओळी हलत नाहीत. प्लिंथ २ ऐवजी ३ जानेवारीला संपतो. ४ ला रविवार आहे, म्हणून स्टील ५ लाच सुरू होतं, पण संपतं २३ जानेवारीला. पत्रे २४ ला सुरू, मग रविवार आणि प्रजासत्ताक दिन, म्हणून ३१ जानेवारी. १ फेब्रुवारी रविवार. फ्लोअरिंग २ ते ५ फेब्रुवारी, क्युरिंग ६ ते १९ फेब्रुवारी. सलग ८१ दिवस झाले. ओलं_पोतंताई म्हणतात तसे पत्रे दोन कामाचे दिवस आधी घेतले, तर सगळं १७ फेब्रुवारीला आटपतं, ७९ दिवस.

सुट्ट्यांची यादी पुण्याच्या टेम्प्लेटमधून उचलली असेल तर नीट बघा. तिथे १९ फेब्रुवारीची शिवजयंती असेल आणि वासी उत्तरायण नसेल. आपण मराठी असलो तरी इथली यादी गुजरातची लागते.

मकरपुरा_शेड

म्हणजे १३ फेब्रुवारी टिकत नाही. पण मग ६० आला कुठून? ठेकेदार म्हणतो ते ‘कामाचे दिवस’ आहेत.

ओलं_पोतं

१ डिसेंबरपासून कामाचे ६० दिवस मोजले तर ११ फेब्रुवारी येतो. सलग ६० मोजले तर २९ जानेवारी. त्याच्या स्वतःच्या कागदावरची १३ फेब्रुवारी दोन्हीत बसत नाही.

राजवाडा_इंदूर

६९ टाइप करताना ६० झालं असेल. कीबोर्डवर ९ आणि ० शेजारी असतात.

ओळंबा

शक्य आहे, आणि हसण्यावारी नेऊ नका. वर्क ऑर्डरमध्ये काय लिहिलंय ते बघा, दंडाचं कलम त्या आकड्यावर चालेल.

मकरपुरा_शेड

वर्क ऑर्डरमध्येही नुसतं ‘६० दिवस’ आहे. उशिरासाठी दर आठवड्याला कपात आहे. दिवस कुठले, कधीपासून, काही नाही.

एक्सेलभाऊ

मग दिवस म्हणजे कॅलेंडरचेच दिवस. लिहिलं नाही तर तेच.

ओळंबा

सहसा तसंच धरलं जातं, पण ठेकेदार आत्ताच कामाचे दिवस म्हणतोय, म्हणजे भांडण ठरलेलं. सहीआधी दोन वाक्यं लिहून घ्या. दिवस सलग की कामाचे, आणि मोजणी वर्क ऑर्डरच्या तारखेपासून की साइट ताब्यात दिल्यापासून. मग माथ्यावरचा आकडा हाताने लिहू नका, शेवटच्या तारखेतून पहिली वजा करून एक मिळवणारं सूत्र टाका.

मकरपुरा_शेड

साइटचा ताबा कधी द्यायचा हेच अजून ठरलेलं नाही, शेजारच्या प्लॉटवाल्याचं सामान कोपऱ्यात पडलंय. मालकांना विचारून सोमवारी सकाळी इथे लिहितो.