हेडफोनची पिन हलवली तरच आवाज येतो, कपातलं सॉकेट ढिलं. दुरुस्ती करावी का?

मंजिरी_सांगली
नमस्कार. माझ्या हेडफोनची वायर काढता येते, डाव्या कपात साडेतीन मिलिमीटरची पिन बसते. तीन वर्षं झाली, वॉरंटी संपली. महिनाभरापासून पिन बोटाने वर उचलून धरली तरच नीट ऐकू येतं. सोडली की गायिकेचा आवाज नाहीसा होतो आणि मागची व्हायोलिनं तेवढी विहिरीतून आल्यासारखी येतात, दोन्ही कानांत एकदम. दुसरी वायर लावून पाहिली, तेच. मी बोलक्या पुस्तकांचं संपादन करते, रोज पाच-सहा तास हेच कानावर असतात. इतके सवयीचे झालेत की बदलायचे नाहीत. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या.

घाटमाथा
सॉकेटात मळ बसला असणार. माझ्याकडेही खरखर होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पिन बुडवून सात-आठ वेळा आत-बाहेर केली, वाळू दिलं, थांबली. उघडायच्या भानगडीत पडू नका.

सुहास_ठाणे
माझ्या ब्लूटूथ इयरबडचाही उजवा कान हळू वाजतो. फोनशी परत जोडून पाहिलं का?

डाखकाम
सुहास, त्यांचा हेडफोन वायरचा आहे, तिथे जोडणीचा प्रश्न येत नाही. तुमच्या बडची जाळी साफ करून बघा.

मंजिरीताई, गायिका जाते आणि व्हायोलिनं राहतात हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. दोन्ही कानांची परतीची वाट एकच असते, तिला आम्ही ग्राउंड म्हणतो. ती तुटली की डावा-उजवा स्पीकर एकामागे एक जोडले जातात आणि दोन्ही बाजूंतला फरक तेवढा वाजतो. गायकाचा आवाज बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना सारखाच असतो, म्हणून तोच आधी जातो. मळाने सहसा खरखर येते. इथे ग्राउंडची जोडणी सुटते आहे.

उघडण्याआधी मल्टीमीटरने खात्री करा. वायर कपात लावा, दुसरं टोक मोकळं ठेवा. तिथल्या पिनेचं टोक आणि मधलं कडं यांच्यात रोध मोजा, मग टोक आणि बुडाचा भाग यांच्यात. मोजताना कपाकडची पिन हलवत राहा.

मंजिरी_सांगली
भावाकडून मल्टीमीटर आणला. टोक ते कडं 66, हलवलं तरी 66. टोक ते बूड 33, आणि पिन सोडली की आकडाच येत नाही.

डाखकाम
म्हणजे दोन्ही स्पीकर ठणठणीत आहेत, ग्राउंडच सुटतं. आता दोन शक्यता: सॉकेटची पट्टी सैल झाली, किंवा सॉकेटचा पाय छोट्या बोर्डावर जिथे डाखला आहे तिथे चीर गेली. बऱ्याच हेडफोनांत सॉकेटला दुसरा आधारच नसतो, वायरचा प्रत्येक झटका त्या डाखावर येतो.

कानाची गादी ओढून काढा, खाली स्क्रू असतील. स्पीकरचं चुंबक स्क्रूड्रायव्हर खेचून घेतं आणि पडदा फाटतो, म्हणून त्यावर पुठ्ठा ठेवा. केसासारख्या तारांना धक्का नको. मग गाणं चालू ठेवून लाकडी टूथपिकने सॉकेटचा एकेक पाय दाबा. दाबल्यावर गायिका परत आली तर तो पाय दोषी.

मंजिरी_सांगली
उघडलं. तिसरा पाय दाबला आणि आवाज आला! भिंगातून पाहिलं तर पायाभोवती केसाएवढं काळं वर्तुळ आहे.

डाखकाम
तीच चीर. नुसतं तापवू नका, थोडं फ्लक्स लावा आणि ताजं सोल्डर द्या. 25 वॅटचं सोल्डरिंग आयर्न पुरे. दोन-तीन सेकंदांत हात काढा, नाहीतर सॉकेटचं प्लॅस्टिक वितळून पट्टी सरकते. जुनी, नको असलेली पिन सॉकेटात घालून ठेवा, पट्ट्या जागेवर राहतात. बाकीच्या पायांनाही डाख द्या, त्यांच्यावरही तोच ताण पडलेला असतो.

घाटमाथा
आणि वर गरम गोंद ओतून टाका, परत हलणारच नाही.

डाखकाम
ओतू नका. पट्ट्यांमध्ये गेला तर सॉकेट कायमचं गेलं. सॉकेटची मागची बाजू आणि कपाची भिंत यांच्यामध्ये इपॉक्सीचा एकच थेंब, तोही एक-दोन दिवस वापरून खात्री झाल्यावर. मात्र पुढे सॉकेट बदलायची वेळ आली तर तो थेंब खरवडावा लागेल.

मंजिरी_सांगली
कॉलनीतल्या टीव्ही दुरुस्तीवाल्या काकांकडून समोर बसून डाख मारून घेतला. आता टोक ते बूड 33, हलवलं तरी 33. काल अख्खं प्रकरण ऐकलं, एकदाही तुटलं नाही. फक्त पिन मुळापासून फिरवली की उजव्या कानात बारीक टिकटिक येते.

डाखकाम
ती मधल्या कड्याची पट्टी असू शकते. आता घाटमाथा यांचा अल्कोहोलचा उपाय करून बघा. तरीही राहिली तर सॉकेटच बदलायला लागेल. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला जाताना जुनं सॉकेट सोबत न्या, पायांची मांडणी वेगवेगळी असते, नुसत्या फोटोवर घेऊ नका.

मंजिरी_सांगली
रविवारी करते आणि कळवते. इपॉक्सी तोवर लावत नाही.