मदत हवी आहे: पाटीवर लोगो कंपनीचा, मग सेंटर कोणाचं?

गिरगावकर७: नमस्कार मंडळी. आईच्या वॉशिंग मशिनचा सर्किट बोर्ड गेला. घाटकोपर पश्चिमेला कंपनीच्या नावाची मोठी पाटी असलेलं सर्व्हिस सेंटर आहे, तिथे मी स्वतः जाऊन सांगून आलो. त्यांनी घरी येऊन बोर्ड बदलला, ६,४०० रुपये घेतले. एकोणिसाव्या दिवशी परत तेच: दिवे लुकलुकतात, ड्रम फिरत नाही. सेंटरवाला म्हणतो, "आम्ही फक्त एजन्सी, कंपनीला विचारा." कस्टमर केअरच्या बाई म्हणतात, "पैसे ज्यांनी घेतले त्यांच्याशी बोला." लोगो मात्र पाटीवर, बिलावर, त्या पोराच्या टी-शर्टवरसुद्धा! ही कंपनीची शाखा आहे की नाही? नोटीस कोणाच्या नावाने काढायची?

पार्लेवासी: बिलावर खाली नाव बघा. शेवटी प्रायव्हेट लिमिटेड असेल तर कंपनीचीच शाखा. एजन्सीवाले भागीदारीत नाहीतर एकट्याच्या नावावर असतात.

जुना_हिशेबनीस: पार्लेवासी, अर्धंच बरोबर. बरेच डीलरही स्वतःची प्रायव्हेट लिमिटेड काढतात. गिरगावकर, पाटी आणि टी-शर्ट सोडा, बिलावरचा पंधरा अक्षरांचा जीएसटी नंबर घ्या. पहिले दोन आकडे राज्याचे, आपल्याकडे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे बिल फाडणाऱ्याचा पॅन. त्यातलं चौथं अक्षर C असेल तर कंपनी, F असेल तर भागीदारी, P असेल तर एकटा माणूस. F किंवा P दिसलं तर ती प्रायव्हेट लिमिटेडची शाखा असूच शकत नाही. C दिसलं तर काम संपत नाही, कोणती कंपनी ते बघावं लागतं.

त्यासाठी gst.gov.in वर `Search Taxpayer` मध्ये तो नंबर टाका. तिथे दोन नावं दिसतात. `Trade Name` मध्ये लोक वाटेल ते लिहितात, ब्रँडचं नावसुद्धा. `Legal Name of Business` हे खरं नाव. ते मशिनच्या मागच्या स्टिकरवर उत्पादक किंवा आयातदार म्हणून छापलेल्या नावाशी ताडून बघा. जुळलं तर शाखा. नाही जुळलं तर बहुधा वेगळा धंदा, पण काही ब्रँड सर्व्हिससाठी वेगळी उपकंपनी ठेवतात. तेव्हा तेवढ्यावरून छातीठोक बोलू नका.

मुलुंडची_माई: माझ्या फ्रिजच्या वेळी मॅपवर पहिला आलेला नंबर लावला. आलेल्या माणसाने गॅस भरायचे ३,००० घेतले आणि साध्या पावतीवर सही करून गेला. जीएसटी नंबरच नव्हता. आता काय ताडणार, कपाळ?

जुना_हिशेबनीस: माई, लहान धंद्याला नोंदणी लागत नाही, म्हणून नंबर नसणं हा गुन्हा नव्हे. पण कंपनीची शाखा असती तर नंबर असलाच असता, एवढं कळलं.

ठाणेकर_बंड्या: अशी एजन्सी घ्यायला डिपॉझिट किती लागतं हो? गाळा आहे माझा.

पार्लेवासी: बंड्या, वेगळा धागा काढ. हिशेबनीस, चूक मान्य. पण मग बीकेसीतलं अ‍ॅपलचं दुकान?

जुना_हिशेबनीस: ते २०२३ मध्ये उघडलेलं कंपनीचं स्वतःचं. इतर बऱ्याच ठिकाणी पाटीवर सफरचंद असतं, बिल मात्र डीलरचं. एकाच मुंबईत दोन्ही प्रकार आहेत.

गिरगावकर७: बघितलं. चौथं अक्षर F. `Legal Name of Business` मध्ये कुणीतरी एंटरप्रायझेस, `Constitution of Business` मध्ये Partnership. ब्रँडचं नाव फक्त `Trade Name` मध्ये. म्हणजे कंपनी सुटली?

जुना_हिशेबनीस: लगेच नाही. शाखा नाही हे ठरलं, पण ऑथराइज्ड आहे की नाही हे जीएसटीवरून कळत नाही. ते कंपनीच्या साइटवरच्या सेंटरच्या यादीत बघा. दुसरं, कंपनीकडून तक्रार नंबरचा मेसेज आला होता का? आला असेल तर काम कंपनीने त्या सेंटरला दिलं होतं हे तुमच्या हातात आलं.

गिरगावकर७: यादीत आहेत, आत्ताच स्क्रीनशॉट काढला. पण मेसेज नाही. हाताने लिहिलेलं जॉब कार्ड आहे. त्यावरचा नंबर कस्टमर केअरला सांगितला, तर म्हणे "आमच्याकडे अशी नोंद नाही."

जुना_हिशेबनीस: गोम तिथे आहे. काम कंपनीच्या सिस्टिमवर चढलंच नाही. मग बोर्ड कंपनीकडून आला की दुसऱ्या मशिनचा काढून बसवला, हाही प्रश्न आला. बोर्डावरच्या स्टिकरचा, पार्ट नंबरचा फोटो काढा. कंपनीला मेल करून दोनच गोष्टी विचारा: त्या तारखेला हे सेंटर तुमचं अधिकृत होतं का, आणि हा पार्ट तुम्ही त्यांना दिला होता का. फोनवर विचारू नका, लेखी उत्तर हवं. नोटीस भागीदारी संस्थेच्या बिलावरच्या नावाने, कंपनीलाही दुसरा पक्ष धरून. आधी १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवून बघा.

मुलुंडची_माई: बिलाच्या पाठीमागे बदललेल्या पार्टची वॉरंटी लिहिलेली असते, ती वाचलीत का?

गिरगावकर७: माई, आत्ता उलटून बघितलं. "बदललेल्या पार्टवर ९० दिवस", खाली सेंटरचाच शिक्का. एकोणीसच झाले होते! मेल पाठवलाय. सेंटरवाल्याला बिलाची मागची बाजू व्हॉट्सअ‍ॅप केली, निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.