मूनलाइट सोनाटा: पेडल धरून ठेवू की सोडू? सल्ला हवा

मुक्ता_ठाणे: बेथोवेनच्या मूनलाइटचा पहिला भाग बसवतेय. घरी डिजिटल पियानो आहे. नोटेशनच्या सुरुवातीलाच 'सेन्झा सोर्दिनो' लिहिलंय. बाई म्हणतात, दर बेस सुराला पेडल बदल. मग हे लिहिलंय कशाला?

पियानोप्रेमी: सेन्झा म्हणजे शिवाय, सोर्दिनो म्हणजे आवाज दाबणारं. डावं, मऊ आवाजाचं पेडल वापरू नका, एवढंच सांगितलंय त्यात.

जुनी_तार: अर्थ बरोबर, पण वस्तू चुकली. इथे सोर्दिनो म्हणजे डँपर, तारांवर टेकून सूर थांबवणारे. ते तारांवरून उचलून ठेवा, म्हणजे उजवं पेडल पूर्ण भागभर दाबलेलंच, असं तो सांगतोय. हे १८०१ चं काम. तेव्हाच्या व्हिएन्नाच्या पियानोत, म्हणजे फोर्टेपियानोत, चौकट लाकडी, तारा बारीक, हातोड्यांवर चामडं. सूर पटकन उमटतो आणि पटकन विरतो. डँपर उचलायला बऱ्याचदा पेडलच नसे, गुडघ्याने वर ढकलायची पट्टी असायची.

आता तिसरं माप बघा. पहिल्या मापातला बेसचा सी शार्प अजून घुमत असेल, तर तिसऱ्यात येणारा डी त्याला थेट घासतो. जुन्या वाद्यावर तोवर सी शार्पचा नुसता धूर उरलेला असतो. आजच्या पियानोत ओतीव लोखंडी चौकट, जाड तारा आणि फेल्टचे हातोडे, त्यामुळे तोच सूर ठणठणीत उभा असतो. खुणेचं पालन केलंत तर गढूळ होणार, नाही केलंत तर ते धुकंच जाणार.

पेटीवाला: माझ्या पेटीची पट्टी सोडली तरी सूर रेंगाळतो. हाच प्रॉब्लेम का?

जुनी_तार: नाही हो काका, तुमची पट्टी अडकत असेल किंवा झडप नीट बसत नसेल. दुरुस्तीवाल्याला दाखवा.

मुक्ता_ठाणे: म्हणजे बाई चुकल्या?

जुनी_तार: अजिबात नाही. बेथोवेनचा शिष्य चेर्नी, त्यानेही या भागात बेस बदलला की पेडल नव्याने घ्यायला सांगितलंय. मी पेडल जेमतेम एक तृतीयांश दाबतो, म्हणजे डँपर तारांना पुसटसा टेकलेला राहतो. तुमचं पेडल नुसतं चालू-बंदवालं असेल, तर हे जमणार नाही. अर्धं दाबलेलं ओळखणारं पेडल आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा. त्याआधी रोनाल्ड ब्राउटिखमचं फोर्टेपियानोवरचं रेकॉर्डिंग ऐका.

पियानोप्रेमी: पण मोठ्या हॉलमध्ये तो विरणारा सूर मागच्या रांगेला ऐकू तरी येईल का? मला आजचाच पियानो आवडतो.

जुनी_तार: आवडू दे की. पण आंद्राश शिफ आजच्या पियानोवरही पेडल न बदलता वाजवतो, ते ऐकून मग बोला. मला त्याचं अर्धंच पटतं.

मुक्ता_ठाणे: पेडल चालू-बंदवालंच निघालं. 😞 तूर्तास बाईंचं ऐकते, फक्त पेडल नवा बेस वाजल्यावर किंचित उशिरा सोडून लगेच परत घेते. तिसऱ्या मापात अजून जरा चिकटतंय.