मदत हवी आहे: फोटोतल्या हाताने लिहिलेल्या दरपत्रकावर त्याच मांडणीत टाईप केलेली अक्षरं

कोरीपाटी: पांढऱ्या फलकावर निळ्या रंगात हाताने लिहिलेल्या दरपत्रकाचा फोटो आहे. डावीकडे 12 वस्तूंची नावं, उजवीकडे दर. फोटो थोडा तिरका आलाय. फलक, चौकट, भिंत तशीच ठेवून फक्त अक्षरं टाईप केलेली हवीत. GIMP मध्ये पांढरा रंग फासून वर टाईप केलं, तर ठिगळ लावल्यासारखं दिसतं. शिवाय खालच्या ओळींत नाव आणि दर एका रेषेत राहत नाहीत.

सारणी४२: फोटोतला मजकूर वाचून देणारी ॲप्स आहेत. मजकूर एक्सेलमध्ये घ्या, प्रिंट काढा, झालं.

कोरीपाटी: मजकूर वाचता येतोय हो. तो फोटोतच बदलायचाय.

खिळाजुळारी: ठिगळ दिसतं, कारण फलक कुठेच एकसारखा पांढरा नसतो. एका कडेला उजेड जास्त, दुसरीकडे किंचित करडा. त्यामुळे रंग फासू नका. लेयरची प्रत काढा आणि त्या प्रतीला Median Blur द्या. अक्षराची रेघ 12 पिक्सेल जाड असेल तर त्रिज्या 30 च्या आसपास ठेवून बघा. मीडियन आजूबाजूच्या पिक्सेलांतला मधला रंग घेतो. तिथे शाईपेक्षा फलक जास्त असला की अक्षर नाहीसं होतं आणि उजेडाचा उतार मात्र टिकतो. मग या प्रतीला काळा लेयर मास्क लावून फक्त अक्षरांवर पांढऱ्या ब्रशने रंगवा. मथळ्याची अक्षरं जाड असतात, त्यांचा डाग राहील. तिथे त्रिज्या वाढवा.

पुसलेली जागा जास्तच गुळगुळीत दिसेल, कारण कॅमेऱ्याचा रवा तिथे उरत नाही. मास्कवर नाही, त्या प्रतीवर RGB Noise अगदी थोडा द्या. 100 टक्के झूम करून शेजारच्या न पुसलेल्या भागाशी ताडून बघा.

चौकोनी: मी आधी Perspective च्या Corrective ने अख्खा फोटो सरळ करतो, त्यावरच सगळं काम करतो आणि शेवटी परत तिरका करतो. सोपं पडतं.

खिळाजुळारी: मांडणीसाठी बरोबर आहे, पण अख्खा फोटो दोनदा वाकवला की फलक आणि चौकट मऊ पडतात. म्हणून पुसायचं काम मूळ फोटोवरच करा आणि सरळ केलेली प्रत फक्त अक्षरं बसवायला वापरा.

फलक 60 बाय 90 सेंमी असेल तर सरळ केलेली प्रत 1200 बाय 1800 पिक्सेल करा. प्रमाण प्रत्यक्ष मोजूनच घ्या, नाहीतर अक्षरं चपटी होतील. समजा, पहिल्या ओळीची शिरोरेषा 410 वर आणि बाराव्या ओळीची 1510 वर आहे. मधली अंतरं 11, म्हणजे दर ओळीला 100 पिक्सेल. हाताने लिहिलेल्या ओळींचा चढउतार तसाच उतरवू नका. टाईपमध्ये ती चूक वाटते.

नावं आणि दर असे दोन टेक्स्ट लेयर करा, दरांचा लेयर उजवीकडे जुळवलेला. ओळी सरकतात त्याचं कारण बहुतेक फाँट. एखाद्या ओळीतलं अक्षर निवडलेल्या फाँटमध्ये नसलं की ते दुसऱ्या फाँटमधून येतं, त्या ओळीची उंची बदलते आणि खालच्या सगळ्या ओळी ढळतात. देवनागरी आणि रोमन दोन्ही असलेला फाँट घ्या, उदाहरणार्थ Mukta.

कोरीपाटी: बरोबर, पाचव्या ओळीत इंग्रजी नाव आहे, तिथूनच बिघडतंय! आता परत तिरकं करताना एक अडचण आहे. चारही कोपरे फलकाच्या कोपऱ्यांवर ओढले तर अक्षरं फलकभर पसरतात.

खिळाजुळारी: तुमचा टेक्स्ट लेयर अक्षरांपुरताच आहे, म्हणून त्याचे कोपरे म्हणजे फलकाचे कोपरे नव्हेत. मागचा फलक लपवून Layer > New from Visible करा. पूर्ण 1200 बाय 1800 चा पारदर्शक लेयर मिळेल. तो मूळ फोटोत आणून Perspective, दिशा Normal, आणि मग कोपरे जुळवा. मूळ टेक्स्ट लेयर शाबूत राहतो, दर बदलला तर पुन्हा टाईप करता येतं.

अक्षरांचा निळा रंग जुन्या अक्षराच्या जाड भागातून उचला, मोड Multiply करा आणि Gaussian Blur 0.5 ते 1 द्या. नाहीतर अक्षरं फोटोवर तरंगतात.

सायली_न: माझा फलक काळा, अक्षरं पांढरी. Multiply केलं तर गायबच झाली.

खिळाजुळारी: Multiply फक्त गडद करतो. तुम्ही Normal ठेवा आणि पांढरा रंग किंचित मळका घ्या.

कोरीपाटी: जमलं. फक्त मधल्या दोन-तीन ओळी चौकटीच्या मानाने किंचित वर वाटतात. कोपरे मात्र अचूक आहेत.

चौकोनी: फलकाची वरची कड पट्टी धरून बघा. बाहेर फुगलेली असेल तर तो लेन्सचा बाक आहे. आधी Lens Distortion ने तो काढावा लागेल.

खिळाजुळारी: किंवा फलकच मध्ये वाकलेला असेल. तसं असेल तर लेन्सची दुरुस्ती भिंतीच्या सरळ रेषा बिघडवेल. भिंतीची एखादी कड फोटोत आहे का? न कापता पूर्ण फोटो टाका.