मदत हवी आहे: मत्सर वाटतो हे सांगायचंय, पण त्यातून जोडीदाराची चौकशी होऊ नये

आमचं नातं 3 वर्षांचं. त्याने कधी फसवलेलं नाही आणि संशयाला काही आधारही नाही, हे आधीच सांगते. तरी एका मैत्रिणीचा मेसेज वाचून तो फोनकडे बघत हसला, की माझ्या पोटात गोळा येतो. माणूस गमावण्याची भीती शरीराला खऱ्या धोक्यासारखीच वाटते. डोक्याला पटेपर्यंत छाती धडधडायला लागलेली असते, म्हणून ‘मनावर घेऊ नकोस’चा उपयोग होत नाही.

मग मी विचारते, "कोण होतं?" तो नीट सांगतो. तासभर बरं वाटतं आणि रात्री पुन्हा तोच प्रश्न, फक्त शब्द बदलून.

एकदा त्याने स्वतःहून फोन हातात दिला. उलट वाढलंच, प्रत्येक स्मायलीचा अर्थ लावत बसले. ते बंद केलं. गप्प राहून पाहिलं, तर तिरकस बोलणं सुटतं. (ते जास्त वाईट.) गेल्या आठवड्यात सरळ म्हटलं, "मला भीती वाटली." तो लगेच म्हणाला, "मग तिच्याशी बोलणं बंद करू का?" ते मला नकोय. आज ही, उद्या दुसरी कुणीतरी.

म्हणून ‘तिला सोड’ किंवा ‘फोन तपास’ असे सल्ले नकोत. ज्यांनी हे निभावलंय त्यांनी सांगा: भीती बोलून दाखवल्यावर, बंदी वाटणार नाही असं जोडीदाराकडे नेमकं काय मागितलंत? आणि तोच प्रश्न दुसऱ्यांदा ओठांवर आला, की त्या क्षणी दोघं काय करता?