मदत हवी आहे: वाचनालयाच्या अहवालाची पीडीएफ लेसर प्रिंटरवर अतिशय सावकाश छापली जाते

खानापूरची वाचक

नमस्कार. आमच्या खानापूर तालुक्यातील गावच्या वाचनालयाचा वार्षिक अहवाल चोवीस पानांचा असून त्यात मराठी मजकूर, शेवटी काही कन्नड पाने आणि मधल्या चार पानांवर देणगीदारांची छायाचित्रे आहेत. पीडीएफ १८६ एमबीची झाली आहे. प्रिंटर काळ्या-पांढऱ्या छपाईचा लेसर असून तो वायफायने जोडलेला आहे. साधे पत्र पाठवले तर पाने भराभर बाहेर पडतात. परंतु हा अहवाल पाठवला की एक पान येते, मग दिवा लुकलुकत राहतो आणि बऱ्याच वेळाने दुसरे पान येते. नुसत्या मजकुराची पानेही रेंगाळतात, छायाचित्रांच्या पानांना तर कितीतरी अधिक वेळ लागतो. ड्राफ्ट मोड लावून पाहिला. छपाई फिकट झाली, वेळ मात्र तेवढाच लागला. सभासदांना सर्वसाधारण सभेपूर्वी प्रती द्यावयाच्या आहेत. नेमके काय बदलावे, हे कृपया सांगावे.

निपाणीकर

ताई, प्रिंटरच्या सेटिंगमध्ये ६०० डीपीआय असेल तर ते ३०० करा. ठिपके एक चतुर्थांश होतात, त्यामुळे प्रिंटरचे काम हलके होते. आमच्या दुकानात ड्राफ्ट लावला की छपाईचा वेग लगेच वाढतो, त्यामुळे तुमच्याकडे तो का वाढला नाही याचे मला आश्चर्य वाटते.

चिकोडीचा शिक्षक

आमच्या शाळेतील शाईचा प्रिंटरही असाच अडकत होता. हेड साफ केल्यावर रेघा येणे थांबले आणि काम सुरळीत झाले. तुम्हीही एकदा हेड क्लीनिंग करून पाहा.

शहापूर डीटीपी

सर, हेड साफ करण्याचा उपाय शाईच्या प्रिंटरसाठी आहे. ताईंचा प्रिंटर लेसर आहे आणि त्याची छपाई खराब येत नसून उशिरा येत आहे.

निपाणीकरांच्या अनुभवाचे कारणही तेच असावे. शाईच्या प्रिंटरमध्ये ड्राफ्ट लावल्यावर हेड कागदावरून कमी फेऱ्या मारते, म्हणून वेळ खरोखरच वाचतो. लेसरमध्ये ड्राफ्टमुळे बहुधा टोनर तेवढा कमी पडतो. कागद त्याच गतीने सरकतो आणि पान तयार करण्याचे गणित आधीइतकेच करावे लागते. ताईंचा वेळ कागद सरकण्यापूर्वीच जात आहे. ३०० डीपीआयने थोडा फरक पडेल, परंतु मूळ छायाचित्रे तेवढीच अवजड राहतील आणि लहान टाइपातील रफार व जोडाक्षरे दातेरी दिसू लागतील. म्हणून तो उपाय मी शेवटी ठेवीन.

ताई, दोन गोष्टी कळवा. छायाचित्रे कोठून आली आणि पानावर ती केवढी आहेत? दुसरे म्हणजे, पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमधून पाठवत असाल तर छपाईच्या खिडकीत Advanced दाबल्यावर Print As Image ला खूण केलेली आहे का?

खानापूरची वाचक

खूण केलेली आहे. गेल्या वर्षी कन्नड अक्षरांच्या जागी चौकोन छापले गेले होते, तेव्हा आमच्या एका कार्यकर्त्याने हा उपाय सुचवला होता. छायाचित्रे सभासदांच्या मोबाइलमधून आली आहेत. प्रत्येक छायाचित्र साधारण ३००० बाय ४००० पिक्सेलचे असून वर्डमध्ये कोपरा धरून ते चार सेंटिमीटर रुंद केलेले आहे. एका पानावर अशी बारा छायाचित्रे आहेत.

शहापूर डीटीपी

मग येथे दोन वेगळी कारणे एकत्र आली आहेत.

पहिले कारण म्हणजे ती खूण. ती असताना अक्षरेही अक्षरे म्हणून जात नाहीत; संगणक प्रत्येक पानाचे चित्र तयार करतो आणि ते अवजड चित्र वायफायवरून प्रिंटरकडे जाते. म्हणून मजकुराची पानेही रेंगाळतात. खूण काढण्यापूर्वी File > Properties > Fonts येथे कन्नड फॉन्टच्या नावापुढे Embedded Subset लिहिलेले आहे का, ते पाहा. तसे असेल तर अक्षरांचे आकार पीडीएफमध्येच आहेत आणि चौकोन येण्याची शक्यता फार कमी आहे. तरीही आधी एकच कन्नड पान छापून पाहा.

दुसरे कारण छायाचित्रांचे. वर्डमध्ये कोपरा धरून चित्र लहान केले तर ते डोळ्यांना लहान दिसते, पण त्यातील पिक्सेल आपोआप कमी होत नाहीत. चार सेंटिमीटर रुंदीसाठी ३०० डीपीआयने सुमारे ४७२ पिक्सेल पुरतात. तुमच्याकडे ३००० आहेत. रुंदी आणि उंची दोन्ही धरली तर प्रत्येक छायाचित्र गरजेच्या सुमारे चाळीसपट जड आहे. बारा छायाचित्रांचे मिळून १४ कोटी ४० लाख पिक्सेल होतात, आणि ६०० डीपीआयने संपूर्ण ए-फोर पानावर बसतात जेमतेम साडेतीन कोटी ठिपके. म्हणजे पानावर मावू शकतील त्याच्या चौपट पिक्सेल तुम्ही त्या पानासाठी पाठवत आहात आणि त्यातील बहुतेक वाया जात आहेत.

वर्डची मूळ फाइल हाताशी असेल तर Compress Pictures वापरा. तेथील Apply only to this picture ची खूण काढायला विसरू नका. फक्त पीडीएफच असेल तर घोस्टस्क्रिप्ट बसवून पुढील आज्ञा द्या:

```
gswin64c -sDEVICE=pdfwrite -dPDFSETTINGS=/printer -o lahan.pdf ahwal.pdf
```

यामुळे जास्त घनतेची रंगीत आणि करडी छायाचित्रे ३०० डीपीआयपर्यंत उतरतात आणि अक्षरे अक्षरेच राहतात. मूळ फाइल जपून ठेवा.

निपाणीकर

पेनड्राइव्हमध्ये पीडीएफ घेऊन ती प्रिंटरलाच थेट लावली तर वायफायचा प्रश्न मुळातच मिटेल ना?

शहापूर डीटीपी

वायफाय हेच कारण असेल तर मिटेल. पण तेव्हा पीडीएफ उलगडण्याचे सगळे काम प्रिंटरच्या छोट्या प्रोसेसरवर आणि मोजक्या मेमरीवर येते, त्यामुळे जड छायाचित्रांच्या बाबतीत उलटाच परिणाम होऊ शकतो. वेळ कोठे जातो हे ओळखण्यासाठी विंडोजमधील छपाईच्या रांगेची खिडकी उघडी ठेवा. तेथे Size खालील आकड्याची वाढ संथपणे होत असेल तर संगणक पान तयार करत आहे. पूर्ण आकडा दिसल्यानंतर माहिती पुढे सरकायला वेळ लागत असेल तर वायफायकडे पाहावे, आणि सर्व माहिती गेल्यावरही दिवा लुकलुकत असेल तर प्रिंटर स्वतः झगडत आहे. छायाचित्रांचे पान आणि मजकुराचे पान वेगवेगळे पाठवून पाहिलेत तर फरक स्पष्ट दिसेल.

खानापूरची वाचक

कन्नड फॉन्टपुढे Embedded Subset दिसले, म्हणून खूण काढली. कन्नड पान चौकोनांशिवाय छापले गेले आणि मजकुराची पाने पत्राच्याच गतीने आली. छायाचित्रांची पाने मात्र तेव्हाही अडकत होती. त्यानंतर वर्डची फाइल डीटीपी करणाऱ्यांकडे राहिल्यामुळे आपली आज्ञा वापरली. फाइल ९ एमबीची झाली आणि ती पानेही आता थांबत नाहीत. छायाचित्रांत डोळ्यांना काही फरक दिसत नाही. आपले मनापासून आभार.

फक्त मुखपृष्ठ अजूनही अडकते. त्यावर छायाचित्र नाही; मजकुराच्या मागे वाचनालयाचे बोधचिन्ह फिकट स्वरूपात आहे, एवढेच.

शहापूर डीटीपी

ते चिन्ह पारदर्शकता देऊन फिकट केले असावे असा माझा अंदाज आहे. तसे असेल तर पिक्सेल कमी करून उपयोग नाही, कारण खालचा आणि वरचा थर एकत्र करण्यातच वेळ जातो. तेवढ्या एका पानासाठी Print As Image लावून पाहा. तेथे ते उपयोगी पडू शकते.

निपाणीकर

मला वाटते की चिन्ह सरळ फिकट करड्या रंगातच पुन्हा बसवून घ्यावे. पुढच्या वर्षीही तेच मुखपृष्ठ वापरणार असाल तर दर वेळी खूण लावण्या-काढण्याची गरज पडणार नाही.

खानापूरची वाचक

आज खूण लावून एक मुखपृष्ठ काढून पाहते आणि चिन्ह बदलून देण्याविषयी डीटीपी करणाऱ्यांनाही विचारते. चिन्हात खरोखर पारदर्शकता आहे का, हे पीडीएफमधूनच तपासता येईल असा काही मार्ग कोणाला माहीत असेल तर जरूर लिहावे.