धान्याच्या खोलीत उंदरांनी घाण केलीय, कानबाईआधी साफ करायचीय. कोणतं लिक्विड घ्यावं? बजेट ५००

अमळनेरकर_पोरगा
नमस्कार मंडळी. गावाकडचं घर जुनं, धाब्याचं. मागच्या खोलीत दादरची पोती आणि एक कणगी आहे. उन्हाळाभर कोणी तिकडे फिरकलं नाही आणि उंदरांनी राज्य केलं. पिंजरे लावून बरेच पकडले, बिळं काच-सिमेंटने बुजवली, आता हालचाल नाही. पण पोत्यांमागे लेंड्यांचा थर आहे आणि मुताचा वास डोक्यात जातो. खोलीत शहाबादी फरशी आहे, पण कणगीखालचा कोपरा मातीचा. तिथे धाबं गळतं, त्यामुळे तो कोपरा ओलाच असतो. कानबाई बसायच्या आत आईला खोली झाडून, सारवून हवी. लेप्टोचं ऐकून जरा धास्ती वाटते. फक्त एवढं सांगा, ५०० रुपयांत कोणतं लिक्विड आणावं?

केळीबाग_रावेर
लिक्विडच्या भानगडीत पडू नका. मी मागच्या वर्षी व्हॅक्यूम क्लीनर घेतला, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा. साडेसात हजार गेले, पण गोडाऊन अर्ध्या तासात लख्ख. एकदाच खर्च करा, दर्जेदार करा.

अहिराणी_भाऊ
लिक्विड लिक्विड काय करी राह्यनात? मांजर पाळा. आमना घर दोन शेतस, उंदीर नावले बी नही.

अमळनेरकर_पोरगा
भाऊ, उंदीर गेलेत. घाण राहिलीय.

चोपड्याचा_पुणेकर
लेप्टो हा मुंबई-कोकणातला आजार. तिकडे गुडघाभर पाण्यातून चालतात म्हणून होतो. आपल्याकडचं ऊन बघा, जंतू तासाभरात खलास. उगाच घाबरवतात लोक. खोली उघडी ठेवा, खराट्याने झाडा, फिनाईल मारा, विषय संपला.

लॅबवाली
मी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये आहे. पावसाळ्यात असल्या तापाची रक्तं आमच्याकडे येतात, म्हणून लिहिते.

चोपडेकर भाऊंचं अर्धं बरोबर आहे. लेप्टोचा जंतू वाळलं की मरतो, उन्हात तर लवकरच. पण तुमच्या खोलीत ऊन कुठंय? गळणारं धाबं, ओली माती, त्यावर उंदराचं मूत. अशा सावलीतल्या ओलीत तो आठवडे काढू शकतो. खानदेश कोरडा असला तरी तुमचा कोपरा कोरडा नाही. आणि नुसत्या उंदरांवरच जाऊ नका, गाईम्हशी आणि कुत्र्यांच्या मुतातूनही तो येतो. गोठा भिंतीला लागून असेल तर तेही धरून चाला.

आता झाडण्याचं. सुक्या लेंड्यांवर खराटा मारला की जी धूळ उडते ती नाका-डोळ्यांत जाते. लेंड्यांत जुलाबाचे जंतू असतात, ते कोरड्यातही तग धरतात. व्हॅक्यूमचंही तेच, साधा असेल तर मागून बारीक धूळ खोलीभर फेकतो. आधी भिजवायचं, मग उचलायचं.

केळीबाग_रावेर
माझा साधा नाही. फिल्टरवाला आहे.

तापीकाठचा_शेतकरी
घरात धान्य आहे ना? मग पोत्यांत गॅसच्या गोळ्या टाका आणि दार लावून घ्या. उंदीर, किडे, सोंडे सगळं साफ. मी दरसाल टाकतो, आजवर काही झालं नाही.

लॅबवाली
काका, कृपा करून हे इथे सुचवू नका. तो गॅस दाराच्या फटीतून, भिंतीच्या भेगेतून शेजारच्या खोलीत जातो. तिथे माणसं झोपलेली असतात. त्याच्यावर उतारा नाही. आणि त्याने मुताची घाण जात नाही ती नाहीच. प्रश्न साफसफाईचा आहे.

तापीकाठचा_शेतकरी
आम्ही अडाणी, तुम्ही शिकलेले. चालू द्या.

सुरतेचा_पाहुणा
१९९४ ला आम्ही सुरतेत होतो. प्लेगची बातमी फुटली आणि रातोरात माणसं गाड्यांना लटकून नंदुरबार-भुसावळकडे पळाली. आमचे वडील त्याच गर्दीत आले. उंदीर म्हटलं की आजही अंगावर काटा येतो. यांनी पिंजऱ्यात पकडलेले उंदीर कुठे टाकले ते आधी विचारा.

चोपड्याचा_पुणेकर
प्लेग पिसवांनी होतो हो. इथे लेप्टोचं चाललंय.

सुरतेचा_पाहुणा
पिसवा उंदरावरच असतात ना? की पुण्यात वेगळ्या असतात?

अमळनेरकर_पोरगा
उंदीर शेताच्या बांधाला खोल खड्डा करून पुरले. कृपया लिक्विड सांगा.

लॅबवाली
५०० पण लागणार नाहीत. किराणा दुकानातून ब्लिचिंग पावडरचं बंद पाकीट आणा. सुटी, महिनोनमहिने उघड्या पोत्यातली घेऊ नका, तिची ताकद उडालेली असते. झाकण उघडल्यावर नाकाला झणका बसला नाही तर ती नुसता चुना समजा. एक लिटर पाण्याला १५ ग्रॅम, म्हणजे दहा लिटरच्या बादलीला १५० ग्रॅम. बादली प्लास्टिकची, कारण लोखंड गंजतं. काठीने ढवळा, चुना खाली बसू द्या आणि वरचं निवळ पाणी वापरा. हे पाणी त्याच दिवशी संपवायचं.

उरलेल्या पैशांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे आणि नाका-तोंडाला घट्ट बसणारा मास्क घ्या. पायात गमबूट घाला. आधी दार-खिडकी उघडून अर्धा तास बाहेर थांबा. मग झारीने हळू पाणी शिंपडा, लेंड्या आणि मुताचे डाग पूर्ण भिजू द्या. पाच मिनिटं तरी हात लावू नका, थर जाड असेल तर पंधरा. मग जुन्या फडक्याने पुसून उचला. फडकं आणि लेंड्या एकाच पिशवीत बांधून टाकायचं, फडकं धुवून ठेवायचं नाही. मग फरशीवर पुन्हा तेच पाणी फिरवा. शहाबादीच्या सांध्यांत मूत मुरलेलं असतं, तिथे ब्रश लागेल.

दोन गोष्टी टाळा. फवारणीचा पाठीवरचा पंप घेऊ नका, त्यात औषधाचा अंश असतो आणि जोराच्या फवाऱ्याने धूळ उडते. आणि ब्लिचिंगच्या पाण्यात फिनाईल किंवा संडासाचं ॲसिड कालवू नका. ॲसिडने जो गॅस निघतो तो बंद खोलीत छाती धरतो.

जळगाव_वहिनी
आमच्याकडे मी गेल्या वर्षी फिनाईल आणि ब्लिचिंग एकत्रच टाकलं होतं. डोळे चुरचुरले खरे, पण फरशी छान निघाली.

अमळनेरकर_पोरगा
धन्यवाद ताई. आणि मातीच्या कोपऱ्याला पण तेच का?

लॅबवाली
नाही, तिथे ब्लिचिंग कमी पडतं. माती आणि शेण क्लोरीनला गिळून टाकतात, पाणी वरवर राहतं. कोपरा ओला असतानाच फावड्याने वरचा दोन-तीन बोटं थर खरवडून काढा, शेतात पुरा, नवी माती टाका. पण खरा इलाज वेगळाच आहे, धाब्याची गळती बंद करून कोपरा वाळू द्या. ओल राहिली तर घाण पुन्हा तिथेच जिवंत राहील.

आणि आईंना म्हणावं, तो कोपरा या वर्षी हाताने सारवू नका. सारवताना बोटांना भेगा असतात, नखाजवळ खरचटलेलं असतं, आणि हात तासभर त्याच ओल्या मातीत. जंतूला आत शिरायला तेवढंच हवं असतं. मी जे पेशंट पाहते त्यांत पाण्यात पोहलेले थोडे, शेतात-गोठ्यात हात घातलेले जास्त.

पाचोरा_एक्सप्रेस
माझ्या मेव्हण्याची गोष्ट सांगतो. गोठ्याची नाली उपसली. त्याला आठ-दहा दिवस झाले असतील, सडकून थंडी-ताप. पिंढऱ्या इतक्या दुखायच्या की जिना चढताना रडायचा. डोळे लालबुंद, पण चिपडं नाहीत. डॉक्टरांनी आधी डेंग्यू-मलेरिया बघितला. लेप्टोची तपासणी केली तर तीही निगेटिव्ह. आम्ही निवांत. मग डोळे पिवळे झाले आणि लघवी कमी झाली, तेव्हा धावपळ. आता बरा आहे, पण किडनीच्या नावाने लाखाचा फटका. म्हणून मी म्हणतो, तपासण्यांवर विश्वासच ठेवू नका.

लॅबवाली
तपासणी खोटी नव्हती, लवकर केली होती. रक्तात जे शोधतो ते शरीराने तयार करायला पाचेक दिवस घेतात, त्याआधी निगेटिव्ह येऊ शकतं. म्हणून डॉक्टरला पहिल्याच दिवशी सांगायचं की मी उंदरांची घाण उपसली होती. संशय आला तर ते रिपोर्टची वाट न बघता गोळ्या सुरू करतात. सफाईनंतर दोन आठवडे ध्यानात ठेवा, क्वचित महिनाभरानेही होतं.

जळगाव_वहिनी
मग आधीच गोळ्या घेऊन ठेवल्या तर? माझ्या दिराने मुंबईत २००५ च्या पुरानंतर घेतल्या होत्या.

लॅबवाली
ते पुराच्या पाण्यातून चाललेल्यांसाठी होतं, आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून. गरोदर बाई किंवा लहान मूल असेल तर त्या गोळ्या चालतच नाहीत. मेडिकलवाल्याला विचारून खाऊ नका.

केळीबाग_रावेर
दादरचं काय करणार? पोती तर मुतलेली असणार.

लॅबवाली
ज्याचं बारदान कुरतडलंय किंवा पिवळं डागाळलंय ते टाकून द्या. कोरडी, शाबूत पोती ठेवा, बारदान बदला.

चोपड्याचा_पुणेकर
टाकून? दादरचा भाव माहितीय का? भाकरी तव्यावर भाजतात ना, जंतू कुठे राहतो?

लॅबवाली
भाकरीत नाही राहत. पण पीठ मळण्याआधी हात, परात, काठवट, गिरणी सगळीकडे फिरतो.

अमळनेरकर_पोरगा
आज केलं. ब्लिचिंग, हातमोजे, मास्क सगळं आणलं, ३४० रुपयांत. लेंड्या भिजवून उचलल्या, वास निम्मा गेला. फरशीचे सांधे ब्रशने घासताना काळं पाणी निघालं, ते तीनदा पुसलं. दोन पोती कुरतडलेली निघाली, ती उकिरड्यात. आई दिवसभर बोलली नाही.

कोपऱ्याचं मात्र तुम्ही कोणी सांगितलं तसं नाही करत. आई हातमोजे घालून सारवणार नाही आणि सारवल्याशिवाय राहणार नाही. म्हणून आतेभाऊ मिस्त्री आहे, त्याच्याकडून उद्या कोपऱ्याला सिमेंटचा कोबाच करून घेतोय. पैसे दिवाळीनंतर देईन.

लॅबवाली
आधी धाबं. गळतं तोवर कोब्यावरही डबकं साचेल.

अमळनेरकर_पोरगा
धाब्यावर ताडपत्री टाकलीय. बाकीचं उघडीप मिळाल्यावर.

तापीकाठचा_शेतकरी
कोब्याखालून घूस येते. आमच्याकडे आली.

अहिराणी_भाऊ
म्हनीसन सांगस, मांजर पाळा.